ठेकेदाराचा क्वालिटी प्लॅन कसा तपासायचा: टाकीच्या एका भिंतीचं उदाहरण

प्रश्न: नगरपालिकेच्या पाणीपुरवठा योजनेत २ लाख लिटरची आरसीसी उंच टाकी आहे. ठेकेदाराने ९० पानांचा प्रोजेक्ट क्वालिटी प्लॅन दिलाय. मी कन्सल्टंटकडे साईट इंजिनिअर आहे. साहेब म्हणाले, जबाबदाऱ्या, रेकॉर्ड आणि स्वीकृतीचे निकष कुठे सुटलेत ते बघ आणि शेरे दे. मला तर वाचताना सगळं बरोबरच वाटतंय. नेमकं कसं तपासायचं?

उत्तर:

पहिल्या पानापासून वाचत गेलात तर सगळं बरोबरच वाटणार. त्यातली बरीचशी पानं आधीच्या कुठल्या तरी कामातून आलेली असतात आणि तिथे ती मंजूरही झालेली असतात. वाक्यांत चूक सापडत नाही, कारण ती तुमच्या टाकीबद्दल काही ठरवतच नाहीत. म्हणून प्लॅन बाजूला ठेवा, आधी ड्रॉइंग घ्या, टाकीतलं एकच काम निवडा आणि ते काम प्लॅनमधून पहिल्यापासून बिलापर्यंत चालवून बघा. जिथे पुढे जाता येत नाही तिथे काहीतरी सुटलेलं आहे.

मी भिंतीची दुसरी लिफ्ट निवडेन. टाकीत गळती बहुतेक वेळा भिंतीच्या जोडावरून होते आणि या एका कामात साहित्य, शटरिंग, सळई, काँक्रीट, क्यूब आणि शेवटची पाणी चाचणी असं सगळं येतं. समजा, आतला व्यास ८ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर, भिंत २०० मिलिमीटर जाड आणि फ्रीबोर्ड धरून ४.३ मीटर उंच आहे. संपूर्ण भिंतीचं काँक्रीट साधारण २२ घनमीटर होतं. तीन लिफ्टमध्ये केलं तर एका लिफ्टला सुमारे साडेसात घनमीटर. हा आकडा कागदावर मोठा लिहून ठेवा, तो लगेच लागणार आहे.

आता निकषांपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक आकड्याने दाखवता येते आणि ठेकेदाराला वाद घालायला जागा उरत नाही. प्लॅनमधल्या इन्स्पेक्शन अँड टेस्ट प्लॅनच्या तक्त्यात काँक्रीटची ओळ काढा. बऱ्याच प्लॅनमध्ये तिथे असं असतं: "दर ५० घनमीटरला ६ क्यूब, ३ सात दिवसांना, ३ अठ्ठावीस दिवसांना. निकष: २८ दिवसांची ताकद ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर किंवा जास्त." वाचायला अगदी व्यवस्थित. पण तुमची आख्खी भिंतच २२ घनमीटरची आहे. या ओळीप्रमाणे तीन वेगवेगळ्या दिवशी ओतलेल्या भिंतीला २८ दिवसांचा फक्त एक नमुना मिळेल, तोही बहुधा पहिल्या लिफ्टचा. हा दर मोठ्या पोअरच्या कुठल्या तरी पुलाच्या किंवा राफ्टच्या कामातून आलेला असणार.

आयएस ४५६ : २००० मध्ये दर पायऱ्यांनी दिलेला आहे. १ ते ५ घनमीटरला एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. शिवाय प्रत्येक शिफ्टचा किमान एक नमुना हवाच. एक नमुना म्हणजे तीन क्यूब, आणि त्या तिघांची सरासरी हा एक निकाल. म्हणजे साडेसात घनमीटरच्या लिफ्टला २८ दिवसांचे दोन नमुने, एकूण सहा क्यूब. सात दिवसांचे हवे असतील तर ते यावर वेगळे. "सहा क्यूब" हे शब्द प्लॅनमध्येही आहेत आणि नियमातही निघतात, त्यामुळे भरभर वाचणाऱ्याची नजर इथून घसरून जाते. तुम्ही प्रत्येक लिफ्टचे नमुने मोजा: ठेकेदाराच्या हिशेबाने भिंतीला एक, नियमाने सहा.

आता दुसरी अडचण बघा. "३० किंवा जास्त" हा निकष आयएस ४५६ चा नाही. तिथे दोन अटी एकत्र पाळायच्या असतात. सलग चार नमुन्यांच्या गटाची सरासरी ग्रेडच्या ताकदीपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त हवी, आणि कोणताही एक निकाल ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये. सुधारित तक्त्यानुसार एम ३० साठी सरासरी ३० अधिक ०.८२५ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन, किंवा ३० अधिक ३, यातली जी मोठी ती. एकेरी निकाल २७ च्या खाली नको. प्लांटच्या आकडेवारीतून स्टँडर्ड डेव्हिएशन अजून सिद्ध झालेलं नसेल तर एम ३० ला ५ धरतात. ०.८२५ गुणिले ५ म्हणजे ४.१२५, जवळच्या अर्ध्या आकड्याला ४. म्हणजे चार नमुन्यांची सरासरी ३४ हवी.

समजा भिंतीचे निकाल आले ३३.५, ३१, ३४ आणि ३०.५. ठेकेदाराच्या ओळीप्रमाणे चारही पास. सरासरी मात्र ३२.२५, म्हणजे नियमाने हा गट नापास. उलटही होतं. २८.५, ३७, ३६ आणि ३५.५ आले तर प्लॅनप्रमाणे पहिला नापास आणि साईटवर गोंधळ. पण सरासरी ३४.२५ आहे आणि एकही निकाल २७ खाली नाही, म्हणजे नियमाने गट मान्य. चुकीचा निकष फक्त ठेकेदाराच्या सोयीचा असतो असं नाही, कधी तो त्याच्याच अंगावर येतो. हे त्याला बैठकीत दाखवलंत तर दुरुस्ती लवकर होते. निविदेत यापेक्षा कडक अट असेल तर अर्थात ती लागू, आणि दोन्हींत फरक आढळला तर कोणती अट वरचढ हे प्लॅनमध्ये लिहिलेलं हवं.

निकष सुटला आहे हे ओळखायची माझी साधी पद्धत अशी: निकषाच्या रकान्यात नुसता आयएस क्रमांक, "ड्रॉइंगप्रमाणे" किंवा "समाधानकारक" असं लिहिलेलं दिसलं की ती ओळ रिकामी समजायची. आयएस ४५६ हे संपूर्ण पुस्तक आहे, निकष नव्हे. त्या जागी आकडा आणि मोजायची पद्धत येईपर्यंत शेरा उठवायचा नाही. कव्हरचंच घ्या. ड्रॉइंगमध्ये ४५ मिलिमीटर असेल तर आयएस ४५६ प्रमाणे सूट अधिक १०, उणे शून्य. म्हणजे ४५ ते ५५ मध्ये कुठेही चालेल, ४२ चालणार नाही. स्लम्पला १०० मागितला असेल तर ७५ ते १२५. हे आकडे तक्त्यात आले की साईटवरच्या पोरालाही गाडी परत पाठवायचा आधार मिळतो. "समाधानकारक" या शब्दावर कोणी गाडी परत पाठवत नाही.

जबाबदारीकडे वळू. प्लॅनच्या सुरुवातीला संघटना तक्ता असतो आणि त्यात चौकोन भरलेले असतात, त्यावर समाधान मानू नका. आपल्या लिफ्टच्या प्रत्येक पायरीला विचारा: हे काम कोण करतो, कोण तपासतो, आणि तपासणीत नापास झालं तर काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे? "तपासणी केली जाईल", "खात्री करण्यात येईल" अशा वाक्यांत कर्ता नसतो. अशी प्रत्येक ओळ पेन्सिलने अधोरेखित करा आणि कर्ता शोधा. बहुतेक वेळा तो दुसऱ्या पानावरही सापडत नाही.

माझ्या अनुभवात जबाबदारी सर्वांत जास्त सुटते ती दोन एजन्सींच्या मधल्या जागेत. काँक्रीट बाहेरच्या आरएमसी प्लांटमधून येणार आहे. प्लॅनमध्ये प्लांटच्या क्वालिटी इंजिनिअरची जबाबदारी लिहिलेली, साईटच्या क्वालिटी इंजिनिअरचीही लिहिलेली. पण गाडी गेटवर आल्यावर बॅच स्लिप कोण बघणार? लोडिंगची वेळ आणि आत्ताची वेळ यातला फरक कोण काढणार? आयएस ४९२६ प्रमाणे लोडिंगपासून दोन तासांत काँक्रीट गाडीतून उतरवून व्हायला हवं, रिटार्डर वापरून वेगळं ठरलं असेल तर ते वेगळं. दुपारी गाडी अडकली, स्लम्प ६० वर आला, पंप चोक होतोय, आणि ड्रायव्हर पाण्याचा पाईप उचलतोय. त्या क्षणी "नाही" म्हणायचा अधिकार कोणाचा, हे प्लॅनमध्ये पदासह लिहिलेलं नसेल तर पाणी पडतंच. ॲडमिक्श्चरचा जादा डोस द्यायचा असेल तर तो कोणाच्या सहीने, किती मर्यादेपर्यंत, आणि कोणत्या फॉर्मवर नोंदवून, हेही तिथेच हवं.

दुसरी अशी जागा म्हणजे लिफ्टचा जोड. खालच्या लिफ्टचा पृष्ठभाग खरवडून साफ करणं शटरिंगवाल्याच्या गँगचं की काँक्रीट गँगचं? वॉटरस्टॉप बसवणारा वेगळा, सळई बांधणारा वेगळा. सळई बांधताना वॉटरस्टॉपची कड दुमडली तर ती सरळ कोण करणार? शटर बंद झाल्यावर हे काहीच दिसत नाही. म्हणून इथे तपासणी "शटर बंद करण्यापूर्वी" अशी वेगळी ओळ हवी आणि ती होल्ड पॉइंट हवी, म्हणजे तुमची सही झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूचं शटर चढायचं नाही. बऱ्याच प्लॅनमध्ये एकच ओळ असते, "काँक्रीटपूर्व तपासणी", आणि तोपर्यंत दोन्ही शटर लागलेली असतात. मग तुम्ही वरून टॉर्च मारून बघत बसता. शटर आवळायला भिंतीच्या आरपार जाणारे टाय वापरणार असतील तर ते कुठल्या प्रकारचे आणि त्यांची भोकं कशी बंद करणार, हेही याच ओळीत विचारून घ्या.

क्वालिटी इंजिनिअर कोणाला रिपोर्ट करतो तेही बघा. तो फक्त प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखाली असेल तर पोअरच्या दिवशी त्याच्या "नाही"ला वजन राहत नाही. मुख्य कार्यालयाच्या क्वालिटी प्रमुखाकडे थेट रिपोर्ट करायची ओळ तक्त्यात असायला हवी. तो रजेवर गेला तर कोण, हे सुद्धा. नाव नंतर बदललं तरी चालेल, पण पद आणि बदली माणूस आज ठरलेला हवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, जी कन्सल्टंटकडचे लोक सहसा तपासत नाहीत: स्वतःचा रकाना. ठेकेदाराने तुमच्या नावापुढे प्रत्येक ओळीत होल्ड किंवा विटनेस लिहून ठेवलं असेल तर खूश होऊ नका. तुमच्याकडे एकच माणूस आणि चार गावांतली कामं असतील तर यातल्या निम्म्या तपासण्यांना कोणी जाणार नाही, आणि न गेलेल्या होल्ड पॉइंटची नंतर मागच्या तारखेने सही होते. होल्ड पॉइंट थोडे ठेवा. या भिंतीसाठी मी शटर बंद करण्यापूर्वीची तपासणी, पोअरची परवानगी आणि पाणी चाचणी एवढेच ठेवेन. बाकी विटनेस किंवा रेकॉर्ड तपासणी. सूचना किती तास आधी, ती कोणाला, आणि आलो नाही तर काय, हे लिहून घ्या. विटनेस पॉइंटला आला नाहीत तर काम पुढे जाईल, होल्डला जाणार नाही. हा फरक दोन्ही बाजूंनी सही केलेल्या कागदावर हवा.

रेकॉर्डसाठी उलट्या दिशेने चाला. कल्पना करा, दोन वर्षांनी भिंतीच्या दुसऱ्या लिफ्टवर ओल दिसते. तुमच्या हातात प्लॅनला जोडलेले कोरे फॉर्म आहेत. त्यावरून क्यूबच्या निकालापासून पोअर कार्डापर्यंत, पोअर कार्डापासून बॅच स्लिपपर्यंत आणि तिथून सिमेंटच्या टेस्ट सर्टिफिकेटपर्यंत जाता येतं का? बहुतेक वेळा साखळी क्यूब रजिस्टरला तुटते. तिथे लिहिलेलं असतं, "टाकीची भिंत, एम ३०". कुठली लिफ्ट, कुठली गाडी, कोणी भरले, काहीच नाही. प्रत्येक पोअरला एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक क्यूबवर, पोअर कार्डवर, बॅच स्लिपच्या गठ्ठ्यावर आणि शेवटी मोजमाप पुस्तिकेच्या नोंदीतही यावा अशी अट घाला. बिलाशी जोडलेलं रेकॉर्डच वेळेवर भरलं जातं.

फॉर्ममध्ये काय भरायचं तेही बघा. कव्हरच्या पुढे बरोबरच्या खुणेचा चौकोन असेल तर तो बदलून घ्या. तिथे मोजलेले आकडे हवेत, घेराभोवती निदान आठ जागी, आतून आणि बाहेरून. क्यूब रजिस्टरमध्ये फक्त ताकद नको, मशीनवरचा लोड हवा. १५० मिलिमीटरच्या क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे ३३.५ ताकदीला सुमारे ७५४ किलोन्यूटन लोड. लोड, वजन आणि वेळ नोंदवायला लागली की आकडे मनाने लिहिणं अवघड होतं. एका नमुन्यातल्या तीन क्यूबपैकी एखादा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त लांब असेल तर तो नमुना ग्राह्य नाही, आणि हे फक्त तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिले असतील तरच कळतं. फॉर्म कोण भरतो, कोण सही करतो, मूळ प्रत कुठे राहते आणि दोषदायित्व काळ संपेपर्यंत कोण सांभाळतो, एवढं प्रत्येक फॉर्मपुढे एका ओळीत असलं तरी पुरतं.

नापास झाल्यावरचा रस्ता हा वेगळा भाग. प्लॅनमध्ये "नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट काढण्यात येईल" एवढंच असतं. वरचा ३२.२५ चा गट घ्या. कोअर काढायचा निर्णय कोणाचा? आयएस ४५६ प्रमाणे किमान तीन कोअर, त्यांची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या क्यूब ताकदीच्या किमान ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. पण ही पाण्याची टाकी आहे. कोअर म्हणजे भिंतीला आरपार भोक. ते कशाने बुजवायचं, कोण मंजूर करणार, आणि डिझायनरला विचारल्याशिवाय कोअरची जागा ठरवता येईल का? यासाठी डिझायनरचं नाव जबाबदारीच्या तक्त्यात हवं. बहुतेक प्लॅनमध्ये तो नसतोच. आणि "आहे तसं स्वीकारावं" असा निर्णय ठेकेदाराच्या क्वालिटी इंजिनिअरने स्वतःच घेऊन रिपोर्ट बंद करू नये, हे स्वच्छ शब्दांत लिहून घ्या.

पाणी चाचणीची ओळ शेवटी वाचा, पण शेरा सर्वांत सविस्तर तिथेच द्या. "आयएस ३३७० प्रमाणे हायड्रो टेस्ट, निकष: गळती नसावी" असं असतं. आयएस ३३७० मध्ये उंच टाकीसाठी पद्धत ठरलेली आहे: टाकी भरून काँक्रीटला पाणी शोषायला सात दिवस द्यायचे, आणि त्यानंतरचे सात दिवस बाहेरचे पृष्ठभाग कोरडे राहायला हवेत, गळतीची खूण दिसता कामा नये. म्हणजे भरल्यानंतर चौदा दिवस टाकी भरलेली ठेवायची आहे. ठेकेदाराच्या वेळापत्रकात यासाठी दोनच दिवस धरलेले दिसले तर आश्चर्य वाटायला नको. बाहेरचं प्लास्टर किंवा रंग त्याआधी झाला असेल तर ओल लपते, म्हणून त्याचा क्रम प्लॅनमध्ये बांधून घ्या.

आणि पाणी कोण आणणार? योजनेचं पंपिंग अजून सुरू नसेल तर २ लाख लिटर म्हणजे १० हजार लिटरचे वीस टँकर. नगरपालिका म्हणते ठेकेदाराने आणावं, ठेकेदार म्हणतो ते माझ्या दरात नाही, आणि टाकी महिनोन् महिने कोरडी उभी राहते. मग कधीतरी अर्धीच भरून चाचणी झाल्याची सही होते. पाण्याचा स्रोत, खर्च आणि चाचणीनंतरचं पाणी सोडायची जागा, तिन्ही गोष्टी आजच जबाबदारीच्या तक्त्यात यायला हव्यात.

शेरा कसा लिहायचा यावर बरंच अवलंबून असतं. "जबाबदाऱ्या स्पष्ट नाहीत" असं लिहिलंत तर पुढच्या रिव्हिजनमध्ये "नोंद घेतली" असं उत्तर येईल आणि तक्ता तसाच राहील. शेऱ्यात पान आणि ओळ द्या, आणि जो मजकूर हवा तो तुम्हीच लिहून द्या. पाणी चाचणीसाठी मी असा देईन:

"इन्स्पेक्शन अँड टेस्ट प्लॅन, पाणी चाचणीची ओळ: सध्याचा निकष काढून पुढील मजकूर घालावा. टाकी पूर्ण पुरवठा पातळीपर्यंत भरावी. ७ दिवस शोषणासाठी. त्यानंतर ७ दिवस रोज ठरलेल्या वेळी पाहणी. निकष: बाहेरील पृष्ठभागावर ओल किंवा गळतीची खूण नसावी. प्लास्टर व रंग चाचणी मान्य झाल्यानंतरच. पाणी पुरवणे: (ठेकेदार की नगरपालिका, बैठकीत ठरवून लिहावे). पाहणी: ठेकेदाराचा क्वालिटी इंजिनिअर व कन्सल्टंटचा साईट इंजिनिअर, संयुक्त. नोंद: दैनंदिन तक्ता, पाण्याची पातळी, भिंतीच्या उलगडलेल्या नकाशावर ओलीच्या जागा, फोटो. होल्ड पॉइंट. ओल आढळल्यास दुरुस्तीची पद्धत कन्सल्टंटकडून मंजूर करून घ्यावी व चाचणी पहिल्यापासून पुन्हा करावी."

कंसातली जागा मुद्दाम रिकामी सोडली आहे. ती तुम्ही किंवा ठेकेदार एकट्याने भरू शकत नाही, नगरपालिकेच्या अभियंत्याची सही लागेल. असे न सुटलेले मुद्दे शेऱ्यांमध्ये वेगळे काढून साहेबांना द्या, ते बैठकीचे विषय आहेत.

मंजुरीबद्दल शेवटचं. "शेऱ्यांसह मंजूर" असा शिक्का संपूर्ण प्लॅनवर मारला की शेरे मागे पडतात आणि काम पुढे जातं. पायाचं काम थांबवायची गरज नसेल तर पाया आणि कॉलमपुरता प्लॅन मंजूर करा. भिंत आणि पाणी चाचणीचे तक्ते "सुधारून पुन्हा सादर करा" म्हणून परत पाठवा, आणि मंजुरीच्या पत्रातच लिहा की हे दोन तक्ते मंजूर होईपर्यंत भिंतीच्या पहिल्या लिफ्टचं पोअर कार्ड सही होणार नाही.